‘करण्यात येईल’नंतरची बातमी

वृत्तसंपादकांनी माझी कॉपी परत दिली, तेव्हा तिच्यावर शेरा एकही नव्हता. नुसत्या लाल रेघा होत्या. शेजारी त्यांनी त्या दिवशीच्या अंकातलं माझ्याच बातमीचं कात्रण ठेवलं होतं आणि जे जे त्या कात्रणात होतं, ते ते नव्या कॉपीतून खोडलं होतं. तीनशे शब्दांमधून शेवटी एक वाक्य शिल्लक राहिलं होतं : ‘गुरुवारी शाळा भरली नाही.’

ही गोष्ट जुलै २०१८ ची. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाची तालुका वार्ताहर होते. बुधवारी दुपारी, खिचडीच्या सुट्टीत, तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात वरचं काँक्रीट मुलांच्या अंगावर पडलं. मी चार वाजता पोहोचले. पाऊस होता, गर्दी होती, जखमी मुलांना ग्रामीण रुग्णालयात हलवलं होतं. सहा वाजता मी बातमी पाठवली. गुरुवारी सकाळी ती पहिल्या पानावर तीन कॉलम आली. ‘शाळेचा स्लॅब कोसळून तीन विद्यार्थी जखमी.’ गुरुवारी दिवसभर मी तालुक्याच्या ठिकाणी बसून फोन केले. सरपंच, दोन पालक, एका संघटनेचे तालुकाध्यक्ष, गटशिक्षणाधिकारी. सगळ्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या आणि संध्याकाळी कॉपी घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. ‘फॉलोअप’ म्हणून. त्या कॉपीची सुरुवात अशी होती :

‘तालुक्यातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्हरांड्याचा स्लॅब कोसळून तीन विद्यार्थी जखमी झाल्याच्या घटनेने पालकांत संतापाची लाट उसळली असून, या प्रकरणी दोषींवर कठोर कारवाई करण्याची मागणी ग्रामस्थांनी केली आहे.’

आज हे वाक्य वाचताना त्याची बांधणी मला स्वच्छ दिसते. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ‘झाल्याच्या घटनेने’, ‘या प्रकरणी’, ‘या पार्श्वभूमीवर’ असे दुवे हाताशी असले, की कालची आख्खी बातमी आजच्या वाक्याच्या पोटात बसते आणि वाचणाऱ्याला आजचं काही मिळेपर्यंत निम्मं वाक्य संपतं. माझ्या वाक्यात शेवटपर्यंत गेलं तरी काही मिळत नव्हतं. शाळेत मुलं जखमी झाल्यावर पालक संतापणारच, आणि संतापलेले पालक कारवाई मागणारच. हे कळायला पेपर लागत नाही.

“यात आज कळलेलं काय आहे, ते सांग,” सर म्हणाले. “आज बोललेलं नको. आज कळलेलं.”

मी सांगितलं, शाळा बंद होती. “मग तेवढंच छापू,” ते म्हणाले, आणि खरंच शुक्रवारच्या अंकात आतल्या पानावर चार ओळी आल्या : शाळा गुरुवारी भरली नाही, जखमींची प्रकृती स्थिर आहे. मला वाईट वाटलं होतं. आमच्या स्पर्धक दैनिकाने त्याच दिवशी पाच कॉलम ‘संतापाची लाट’ छापली होती. पण सरांनी जाताना ते कात्रण माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, यातली भविष्यकाळाची क्रियापदं अधोरेखित कर आणि उद्या ती घेऊन गावात जा.

रात्री घरी बसून मी रेघा मारल्या. माझ्याच बातमीत तशी तीन वाक्यं निघाली. ‘घटनेची चौकशी करण्यात येईल.’ ‘तालुक्यातील शाळांचे स्ट्रक्चरल ऑडिट करण्यात येणार आहे.’ ‘जखमींच्या उपचारांचा खर्च करण्यात येईल, असे सांगण्यात आले.’ तिन्ही वाक्यांत करणारा माणूस नाही. कोण चौकशी करणार, किती दिवसांत, कोणाला अहवाल देणार? ऑडिट कोणत्या विभागाचा अभियंता करणार? खर्च कोणत्या खात्यातून? ‘करण्यात येईल’ ही आपल्या सरकारी मराठीची रचनाच अशी आहे, की कर्ता गळून पडतो आणि वाक्य तरी पूर्ण वाटतं. पहिल्या दिवशी, घाईत, आपण ते जसंच्या तसं उतरवून घेतो. पण दुसऱ्या दिवशीची बातमी नेमकी त्या रिकाम्या जागेत असते. तेव्हापासून मी कोणतीही बातमी छापून आली, की पहिल्यांदा तिच्यातले ‘येईल’ मोजते. एकेका ‘येईल’मागे तीन प्रश्न लिहिते : कोण, कधीपर्यंत, कोणत्या कागदावर.

दुसरी खूण कात्रणात होती ती माझ्या स्वतःच्या शब्दांची. ‘स्लॅब कोसळला’ असं मी लिहिलं होतं. कोसळलेला स्लॅब मी पाहिला होता का? गर्दीतून, लांबून, फरशीवर पडलेले तुकडे पाहिले होते. ‘तीन विद्यार्थी’ हे कोणी सांगितलं होतं? गावातल्या एका तरुणाने, त्याला व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरावरून. पहिल्या दिवशी जे आपण पाहिलेलं नसतं आणि तरी खात्रीच्या सुरात लिहिलेलं असतं, तिथे दुसऱ्या दिवशी आधी जायला हवं. नवी माहिती पुष्कळदा तिथेच असते, आणि चूकही.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा शाळेत गेले. शाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरली होती. व्हरांड्याला सुतळी बांधली होती. मुख्याध्यापक सुतळीच्या अलीकडे उभे होते. बुधवारी ते रुग्णालयात होते म्हणून मला भेटलेच नव्हते. मी वर पाहिलं आणि माझ्या मथळ्यातला शब्द चुकला होता हे लगेच कळलं. स्लॅब जागेवर होता. त्याच्या खालच्या बाजूचा, सळ्यांच्या खालचा थर निखळून पडला होता, साधारण एका पाटाएवढा. उघड्या पडलेल्या सळ्या तांबड्या होत्या आणि त्यांच्यावर गंजाचे पापुद्रे सुटले होते.

तालुक्यात घरं बांधणाऱ्या एका स्थापत्य अभियंत्याला मी बरोबर नेलं होतं. त्याने बांबूच्या टोकाने स्लॅबला खालून ठोकायला सुरुवात केली. भिंतीजवळ ठोकलं तेव्हा आवाज टणक आला. मध्याकडे आल्यावर आवाज बद्द झाला, रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा. तो सांगत होता, स्लॅबच्या वर पाणी साचतं, ते बारीक भेगांतून सळ्यांपर्यंत जातं, सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. ती जागा तो काँक्रीटला ढकलून मिळवतो. म्हणून खालचा थर आतून सुटतो, पण काही काळ तसाच चिकटून राहतो आणि बाहेरून, रंग दिलेला असला तर, काहीच दिसत नाही. “पडलं ते थोडं आहे, ताई,” तो म्हणाला. “सुटलेलं जास्त आहे.” व्हरांड्याचा निम्म्याहून अधिक भाग ठोकल्यावर पोकळ वाजत होता, आणि वर्गखोल्यांचं दार त्याच व्हरांड्यात उघडत होतं.

म्हणजे माझा मथळा भडक होता, पण त्यातून चित्र उलटं उभं राहत होतं. स्लॅब कोसळला म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, पडायचं ते पडून गेलं. खरी बातमी अशी होती, की पडायचं अजून वर होतं.

मुख्याध्यापकांना मी विचारलं, ही अवस्था तुम्ही कुणाला कळवली होती का. त्यांनी उत्तर तोंडी दिलं नाही. ऑफिसच्या कपाटातून जावक नोंदवही आणली. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद तिच्यात असते : क्रमांक, तारीख, कोणाला, विषय. सप्टेंबर २०१६ च्या पानावर बोट ठेवून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘दोन वर्गखोल्या व व्हरांडा निर्लेखन प्रस्ताव.’

निर्लेखन हा शब्द शाळेच्या बाहेर फार कुणाला माहीत नसतो, पण जिल्हा परिषद शाळांच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. सरकारी मालमत्ता मोडकळीला आली म्हणून ती कुणालाही परस्पर पाडता येत नाही. आधी ती दप्तरातून कमी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, बांधकामाचं वर्ष, फोटो, बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा दाखला, असा प्रस्ताव वर जातो, मंजूर होतो, आणि मग इमारत उतरवली जाते. तोवर ती धोकादायक असली तरी उभीच राहते, आणि नव्या खोल्या बांधायला जागा नसेल तर मुलं तिच्यातच बसतात.

अशी नोंद समोर आली, की वार्ताहराचा जीव भरून येतो. इथेच सावध व्हावं लागतं. मी आधी त्या नोंदीच्या वरची आणि खालची नोंद पाहिली. घटना घडून गेल्यावर मागच्या तारखेला घातलेली नोंद बहुतेक वेळा दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली असते, किंवा तिची शाई वेगळी असते, किंवा क्रमांकाला ‘अ’ जोडलेला असतो. इथे क्रमांक सरळ चालले होते. वरचं पत्र गणवेशाचं, खालचं पटसंख्येचं, सगळं एकाच हाताने, एकाच ओघात लिहिलेलं. मी पूर्ण पानाचा फोटो घेतला. नुसत्या एका ओळीचा घेतला नाही, कारण आजूबाजूच्या ओळीच तिची साक्ष असतात. मुख्याध्यापकांकडे प्रस्तावाची स्थळप्रत होती. तिच्यावर पंचायत समितीच्या आवक विभागाचा शिक्का होता.

आणखी एक गोष्ट तपासता आली. देशातली प्रत्येक शाळा दरवर्षी यूडायसचा तक्ता भरते. त्यात वर्गखोल्या किती, त्यातल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती आणि मोठ्या दुरुस्तीच्या किती, हे लिहावं लागतं. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक फलकावर रंगवलेला असतोच. मुख्याध्यापकांकडच्या प्रतींमध्ये दोन वर्षं सलग दोन खोल्या ‘मोठी दुरुस्ती आवश्यक’ या रकान्यात होत्या. म्हणजे सरकारला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर सरकारच्याच तक्त्यात ते सापडत होतं.

तिथून निघून मी बातमी लिहायला बसले असते, तर ती अशी झाली असती : ‘पंचायत समितीने प्रस्ताव २२ महिने दडपला.’ मथळा चांगला होता आणि निम्मा खोटा होता. हे कळलं, कारण मी दुपारी पंचायत समितीत गेले आणि तिथली आवक नोंदवही मागितली. प्रस्ताव सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाल्याची नोंद होती. तिथून तो बांधकाम उपविभागाकडे गेल्याची नोंद होती. उपअभियंत्यांच्या कार्यालयात गेले. ते चिडलेले होते, पण त्यांनी फाइल काढली. जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्या कार्यालयाने तो प्रस्ताव त्रुटी लावून परत पाठवला होता. फोटो जोडलेले नव्हते आणि बांधकामाचं वर्ष कोरं होतं. परतीच्या पत्रावर त्यांचा जावक क्रमांक होता. पत्र पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लिहिलेलं होतं. मी पुन्हा खाली शिक्षण विभागात आले. ते पत्र त्यांच्या आवकेत होतं. शाळेच्या नावाने त्यांच्या जावकेत मात्र काही नव्हतं.

दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत होती, वर आणि खाली. पत्र वरून खाली आलं होतं आणि खालून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत गेलं नव्हतं. दीड वर्ष मुख्याध्यापक समजत होते की प्रस्ताव मंजुरीला गेला आहे, अभियंते समजत होते की शाळेने त्रुटी पूर्ण केल्या नाहीत. कुणी दडपलं असं म्हणायला माझ्याकडे काहीही पुरावा नव्हता. पत्र कुठे थांबलं याचा पुरावा मात्र चार वह्यांमध्ये मिळून पूर्ण होता. गटशिक्षणाधिकाऱ्यांना मी चारही नोंदी दाखवल्या आणि विचारलं. त्यांनी सांगितलं, आपण इथे रुजू होण्याच्या आधीचं हे पत्र आहे, पण ते शाळेला गेलेलं दिसत नाही हे खरं. हे वाक्य मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं आणि मगच वहीत पक्कं केलं.

शनिवारच्या अंकातली बातमी अशी सुरू झाली :

‘धोकादायक वर्गखोल्या पाडण्याचा प्रस्ताव शाळेने २२ महिन्यांपूर्वी पाठवला होता. तो त्रुटींसह परत आला, मात्र ते पत्र पंचायत समितीतून शाळेपर्यंत पोहोचलेच नाही. याच खोल्यांपुढील व्हरांड्याचे काँक्रीट पडून बुधवारी दोन विद्यार्थी जखमी झाले.’

कालपरवाची घटना इथे तिसऱ्या वाक्यात आहे आणि एका वाक्यात संपते. ती पूर्ण काढून टाकता येत नाही. शनिवारचा अंक पहिल्यांदाच हातात घेणारा वाचक असतोच, आणि त्याला कुठे, कधी, काय झालं हे कळलं नाही तर बाकी सगळं अधांतरी राहतं. पण तिची जागा ठरलेली असावी. इंट्रोच्या तोंडाशी ती आली तर शिळी बातमी वाटते. नवखे वार्ताहर मग दुसऱ्या टोकाला जातात आणि पार्श्वभूमी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात टाकतात. रात्री पान लावताना जाहिरात वाढली, की उपसंपादक बातमी खालून कापतो. पार्श्वभूमी गेली, की नव्या वाचकाला कशाचा प्रस्ताव आणि कसलं पत्र तेच कळत नाही. म्हणून दुसरं किंवा तिसरं वाक्य. मी आजही डेस्कवर बसून हेच करते : कालची बातमी एका वाक्यात सांगून बघते. एका वाक्यात मावत नसेल, तर कालची बातमी मलाच नीट कळलेली नाही असं समजते.

त्या बातमीत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठी मला सरांशी वाद घालावा लागेल असं वाटलं होतं, पण लागला नाही. जखमी मुलं दोन होती. तिसरी मुलगी एका मुलाची बहीण होती. ती घाबरून रडत होती म्हणून तिलाही गाडीत बसवून नेलं होतं. शिवाय एका मुलाची इयत्ता मी तिसरी लिहिली होती, तो चौथीत होता. शनिवारी नुसतं ‘दोन’ छापून पुढे जाता आलं असतं. बहुतेक वेळा तसंच होतं. आकडा मुकाट्याने बदलतो आणि दोन्ही अंक वाचणारा माणूस गोंधळतो : तिसऱ्याचं काय झालं? बरा झाला, की आणखी काही? सरांनी बातमीच्या पोटात चौकट लावायला सांगितली. तिच्यात लिहिलं : ‘गुरुवारच्या अंकात तीन विद्यार्थी जखमी झाल्याचे व स्लॅब कोसळल्याचे प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात दोन विद्यार्थी जखमी झाले असून, स्लॅबच्या खालील बाजूचे काँक्रीट निखळून पडले आहे. उर्वरित भागही पोकळ असल्याचे पाहणीत आढळले.’ फॉलोअपमधली नवी माहिती कधीकधी आपल्याच जुन्या माहितीला खोडणारी असते. तशी असेल तर ती जुनी कोणती हे नाव घेऊन सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीच्या वेशात येणारे दोन प्रकार मी पुढे डेस्कवर फार पाहिले. पहिला भेटीचा. अपघात, आग, पूर, काहीही झालं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोठा माणूस येऊन पाहणी करतो आणि ‘पाहणी केली’ हीच बातमी होते. आमच्या शाळेतही सोमवारी असे पाहुणे आले. फोटो आला. मी विचारलं, काही मंजूर झालं का, कुणाला लेखी आदेश दिला का, तारीख दिली का. काहीच नव्हतं. तेव्हा ती बातमी आम्ही दोन ओळींत घेतली. तेच पाहुणे रक्कम, योजना आणि मुदत सांगून गेले असते, तर तीच बातमी मोठी झाली असती. दुसरा प्रकार ‘दणका’. आमच्या बातमीनंतर प्रशासन जागं झालं, अशी चौकट, आणि खाली पुन्हा सगळी जुनी बातमी. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण प्रशासनाने खरंच काही केलं असेल तर ते काय केलं हे त्या चौकटीत सगळ्यात कमी जागेत असतं. आपल्याकडे ‘पाठपुरावा’ या शब्दातही थोडा घोटाळा आहे. अधिकाऱ्यांच्या मागे लागून काम करून घेणं, हाही पाठपुरावा, आणि वाचकाला पुढचं काय झालं ते सांगणं, हाही पाठपुरावाच. वार्ताहराने पहिला केला तरी छापायचा दुसरा असतो.

फॉलोअप कसा पुढे सरकतो हे आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या एका घटनेत दिसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. पहिल्या दिवसाची बातमी पूल पडल्याची. त्यानंतरच्या दिवसांत प्रश्न बदलत गेले : बसमध्ये किती माणसं होती, ती कुठे आहेत, बस नदीच्या तळाशी कुठे अडकल्या आहेत. मग प्रश्न मागे गेला : या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली होती? त्याच वर्षी मे महिन्यात ती झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, हे बाहेर आलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवा पूल सुरू झाला, तेव्हा प्रश्न पुढे गेला होता : तसे जुने पूल आणखी किती? प्रत्येक वेळी घटना तीच होती आणि विचारायचं वेगळं होतं. पूल पडतानाचं वर्णन पुन्हा लिहिण्याची गरज कुणालाच उरली नव्हती.

आमची गोष्ट लहान गावाची होती, पण प्रश्न त्याच रीतीने सरकले. सोमवारनंतर मी ‘ऑडिट करण्यात येणार’ या दुसऱ्या ‘येईल’च्या मागे लागले. तोंडी विचारून उत्तर मिळेना. शेवटी माहिती अधिकारात अर्ज दिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तालुक्यातल्या किती शाळांचे निर्लेखन प्रस्ताव आले, कोणत्या तारखेला, आणि त्यांपैकी किती त्रुटींसाठी परत केले, एवढंच विचारलं. ‘संपूर्ण माहिती मिळावी’ असं लिहिलं, की उत्तर मोघम येतं. रकान्यांत विचारलं, की रकान्यांतच उत्तर द्यावं लागतं. कायद्याने तीस दिवस. मी डायरीत तीस दिवसांनंतरच्या तारखेवर शाळेचं नाव लिहून ठेवलं. मला वाटतं, फॉलोअपचं निम्मं काम ही डायरी करते. घटनेच्या दिवशी लिहायच्या असतात त्या पुढच्या तारखा : चौकशी अहवालाची मुदत, अर्जाचे तीस दिवस, मुलाचं प्लास्टर निघण्याचा दिवस. ती तारीख उजाडली आणि काहीच झालेलं नसलं, तर ‘मुदत संपली, अहवाल नाही’ ही नवी बातमी असते. तारीख ठरलेली नसेल, तर काही न झाल्याची बातमी कधीच करता येत नाही.

माहितीचं उत्तर पस्तिसाव्या दिवशी आलं. त्यात आमच्या शाळेसारखे परत गेलेले आणखी प्रस्ताव होते. त्यांपैकी सहा गावांत मी एसटीने आणि स्कूटीवर जाऊन विचारलं, त्रुटींचं पत्र तुम्हाला मिळालं का. चार शाळांना मिळालं होतं, दोघांना नव्हतं. मग माझी बातमी ‘सगळाच कारभार असा’ या सुरात लिहिता येईना. दोन शाळा, त्यांची नावं, त्यांच्या पत्रांचे क्रमांक, आणि चार ठिकाणी पत्र पोहोचलं होतं हेही, असं सगळं लिहिलं. बातमी लहान झाली. त्या दोन्ही शाळांना आठवड्याच्या आत पत्रं गेली. मी पुढच्या आठवड्यात तेवढंच छापलं, पत्राच्या तारखांसह.

एका ठिकाणी मात्र मी थांबले. जखमी मुलाच्या घरी मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्याची आई भाकरी थापत होती. “ताई, परवापण आला होतात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तिने हात थांबवला नाही आणि मुलाला बाहेर बोलावलं नाही. मला तिच्याकडून काय हवं होतं? हात दुखतो का, झोप लागते का, भीती वाटते का. याची उत्तरं परवासारखीच असणार होती, फक्त शब्द वेगळे. शाळेच्या वहीला मी दहा वेळा प्रश्न विचारले तरी वहीला त्रास होत नाही. माणसाकडे तिसऱ्यांदा जायचं तर खरंच नवा प्रश्न हातात हवा. माझ्याकडे त्या दिवशी तो नव्हता. मी खर्चाचं विचारलं, तिने सांगितलं की सरकारी दवाखान्यात पैसे लागले नाहीत, पण तालुक्याला दोन वेळा एक्स-रेला जायचा रिक्षाचा खर्च त्यांनीच केला. ही माहिती नवी होती, ‘उपचारांचा खर्च करण्यात येईल’ या तिसऱ्या ‘येईल’चं उत्तर होती, आणि ती दोन मिनिटांत मिळाली. मी उठले. पुन्हा त्या घरी गेले ती प्लास्टर निघाल्यावर, मुख्याध्यापकांबरोबर, बातमीसाठी नाही.

खोल्या डिसेंबरमध्ये उतरवल्या. जुन्या प्रस्तावाला फोटो आणि बांधकामाचं वर्ष जोडून तो पुन्हा पाठवला गेला होता. या वेळी मुख्याध्यापक स्वतः दोन्ही मजल्यांवर घेऊन गेले होते. मी गेले तेव्हा मजूर स्लॅब फोडून सळ्या वेगळ्या करत होते. अभियंत्याने जिथे बांबूने ठोकलं होतं, त्या भागातली एक सळी मजुराने मला हातात दिली. टोकाला ती बोटाएवढी जाड होती आणि मध्ये पेन्सिलीएवढी. मी तिचा मोजपट्टी लावून फोटो काढला. चौथीतला तो मुलगा सभामंडपाच्या पायरीवरून सगळं बघत होता. त्याने विचारलं, हे पण पेपरात येणार का.

दुसऱ्या दिवशी आलं, एक कॉलम, आठ ओळी. पहिल्या ओळीत खोल्या उतरवल्याची तारीख होती आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की नव्या दोन खोल्यांसाठी निधीची मागणी केली असून कार्यारंभ आदेश अद्याप मिळालेला नाही. ते वाक्य लिहून झाल्यावर मी नव्या वर्षाची डायरी उघडली आणि मार्चच्या एका पानावर शाळेचं नाव लिहिलं.